अर्ध्या गुणाने बदलणारी फी सवलत: बारावीनंतर खासगी विद्यापीठात प्रवेश घेताना स्लॅब कसा तपासायचा

बारावीचा निकाल लागला की खासगी विद्यापीठांचे फोन सुरू होतात. "सर, तुमच्या मुलाला ३० टक्के स्कॉलरशिप बसते" असं फोनवर सांगितलं जातं, आणि प्रत्यक्ष फी भरायला गेल्यावर पावतीवर २० टक्केच सवलत दिसते. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "८९.८३ आहेत ना, ९० नाहीत." घरातल्या आणि ओळखीतल्या मुलांच्या प्रवेशासाठी मी अशा काउंटरांवर बरीच बसले आहे. यात फसवणूक क्वचितच असते. बहुतेक वेळा टक्केवारी कशी मोजायची हे दोन्ही बाजूंनी वेगवेगळं गृहीत धरलेलं असतं, आणि ते लेखी कुणीच विचारलेलं नसतं.

हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळातून बारावी विज्ञान झालेल्या आणि बी.टेक.सारख्या अभ्यासक्रमाला खासगी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. सीबीएसईच्या मुलांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

## १. आधी सरकारी सवलत बसते का ते बघा

खासगी विद्यापीठाच्या स्लॅबकडे वळण्याआधी हे एक काम करा, कारण सरकारी सवलतीला टक्क्यांचे टप्पे नाहीत. तिथे कौटुंबिक उत्पन्न बघतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम माफ होते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठं या सवलतीत येत नाहीत, व्यवस्थापन कोट्यातली जागाही येत नाही.

हे अशासाठी सांगते की ओबीसी गटातली, उत्पन्नमर्यादेत बसणारी मुलगी खासगी विद्यापीठाच्या "३० टक्के सवलती"वर खूश होऊन प्रवेश घेते, आणि तिलाच कॅपमधून मिळणाऱ्या महाविद्यालयात शिक्षण शुल्क शून्य झालं असतं हे घरच्यांना दिवाळीत कळतं. दोन्ही पर्यायांची फी कागदावर शेजारीशेजारी लिहा. खासगी विद्यापीठच घ्यायचं ठरलं, तर पुढे वाचा.

## २. तक्त्यातले शब्द अक्षरशः वाचा

सवलतीचा तक्ता साधारण असा असतो. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.

| बारावीची टक्केवारी | शिक्षण शुल्कात सवलत |
|---|---|
| ९५ आणि वर | ५० टक्के |
| ९० ते ९४.९९ | ३० टक्के |
| ८५ ते ८९.९९ | २० टक्के |
| ८० ते ८४.९९ | १० टक्के |

हा नीट लिहिलेला तक्ता झाला. प्रत्यक्षात बरेच तक्ते दोन प्रकारे बिघडलेले असतात.

पहिल्या प्रकारात टप्पे एकमेकांवर चढतात: "८५ ते ९०" आणि खाली लगेच "९० ते ९५". मग बरोबर ९०.०० टक्केवाल्याने कुठे बसायचं? दुसऱ्या प्रकारात मध्ये फट राहते: "८५ ते ८९" आणि "९० ते ९४". इथे ८९.५० असलेला मुलगा कोणत्याच ओळीत नाही. तक्ता करणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण आकडे असतात, मार्कशीटवर मात्र दोन दशांश स्थळं छापलेली असतात. फटीतला विद्यार्थी खालच्या टप्प्यात टाकायचा की राउंड करून वरच्या, हे काउंटरवरचा माणूस त्या दिवशी ठरवतो. ते त्याच्यावर सोडू नका.

तिसरी गोष्ट शब्दांची. "९० आणि वर" म्हटलं तर ९०.०० चालतात. "९० पेक्षा जास्त" म्हटलं तर चालत नाहीत. हा फरक जाहिरातीच्या पत्रकात आणि नियमांच्या पीडीएफमध्ये वेगवेगळा लिहिलेला आढळतो, आणि वाद झाला की संस्था पीडीएफ दाखवते. म्हणून पत्रक बाजूला ठेवून पीडीएफ डाउनलोड करा आणि कोणत्या तारखेला उतरवली ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा. प्रवेशाच्या हंगामात या फाइली बदलतात.

आणखी एक, टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत करू नका. काही संस्थांच्या पीडीएफमध्ये एक तक्ता बारावीच्या टक्क्यांचा आणि त्याच्या खालीच एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलचा असतो. ९० टक्के म्हणजे शंभरपैकी ९० गुण. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या परीक्षेत साधारण ९० टक्के मुलं तुमच्या बरोबरीने किंवा मागे. सीईटीच्या स्कोअरकार्डवर सात दशांश स्थळं असतात, त्यामुळे ८९.९९१२३४५ असा आकडाही येऊ शकतो, आणि तिथे गुण पुन्हा मोजून मागण्याची वाट मंडळाच्या परीक्षेसारखी नाही. दोन्ही तक्त्यांत बसत असाल तर कोणता लावणार आणि चांगला तो मिळणार का, हे विचारून घ्या.

## ३. टक्केवारी कशाची ते ठरवा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. एकाच मार्कशीटवरून तीन वेगळ्या टक्केवाऱ्या निघतात आणि तिन्ही बरोबर असतात. ही एक मार्कशीट घ्या:

| विषय | गुण (१०० पैकी) |
|---|---|
| इंग्रजी | ८४ |
| मराठी | ८८ |
| भौतिकशास्त्र | ९१ |
| रसायनशास्त्र | ९२ |
| गणित | ९५ |
| जीवशास्त्र | ८९ |
| एकूण | ६०० पैकी ५३९ |

मंडळाने छापलेली टक्केवारी: ५३९ ÷ ६०० × १०० = ८९.८३. वरच्या तक्त्यात २० टक्के सवलत.

फक्त पीसीएम, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित: ९१ + ९२ + ९५ = २७८. ३०० पैकी काढले तर ९२.६७. सवलत ३० टक्के.

बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय वगळून: इंग्रजीचे ८४ वजा केले की ५०० पैकी ४५५, म्हणजे ९१.००. पुन्हा ३० टक्के.

म्हणजे फोनवरचा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने पीसीएमची टक्केवारी विचारली होती, घरच्यांनी ९२ सांगितली, आणि लेखा विभागाने मार्कशीटवर छापलेले ८९.८३ घेतले. पीडीएफमध्ये "बारावीत मिळालेले एकूण टक्के" असं मोघम लिहिलं असेल तर मार्कशीटवरचा छापील आकडाच धरला जाईल असं समजून चला, आणि पीसीएम धरतात असं कुणी तोंडी सांगितलं तर ते ईमेलवर मागा.

बेस्ट ऑफ फाइव्हबद्दल एक खबरदारी. दहावीच्या राज्य मंडळाच्या निकालात बेस्ट ऑफ फाइव्हची टक्केवारी मंडळच देतं, त्यामुळे पालकांना ती सवयीची असते. बारावीला तसं नाही, तिथे सहाही विषय धरून ६०० पैकी टक्केवारी येते. सीबीएसईची गोष्ट आणखी वेगळी. ते मंडळ एकूण टक्केवारी जाहीरच करत नाही, आणि पाचपेक्षा जास्त विषय असतील तर त्यातले पाच कोणते धरायचे हे प्रवेश देणाऱ्या संस्थेवर सोपवतं. म्हणून सीबीएसईच्या मुलाने संस्थेला आणखी एक प्रश्न विचारायचा: सहावा ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या जागी धरता का, आणि इंग्रजी त्या पाचात असायलाच हवं का?

खेळाचे सवलतीचे गुण मिळालेले असतील तर तेही धरतात का, हे इथेच विचारून टाका. सगळ्या संस्था धरत नाहीत.

## ४. उंबरठा टक्क्यांत नाही, गुणांत काढा

टक्क्यांत विचार केला की "शून्य पॉइंट सतरा कमी पडले" असं वाटून माणूस गोंधळतो. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याला किती गुण लागतात ते काढा. टप्प्याचा आकडा गुणिले एकूण गुण, भागिले १००. उत्तर अपूर्णांकात आलं तर पुढचा पूर्ण आकडा घ्या.

| टप्पा | ६०० पैकी | ५०० पैकी | ३०० पैकी |
|---|---|---|---|
| ८५ | ५१० | ४२५ | २५५ |
| ९० | ५४० | ४५० | २७० |
| ९२.५ | ५५५ | ४६३ | २७८ |
| ९५ | ५७० | ४७५ | २८५ |

आता चित्र स्पष्ट होतं. आपल्या उदाहरणातल्या मुलाला ५३९ आहेत आणि ५४० हवेत. एक गुण. ६०० पैकी एक गुण म्हणजे साधारण ०.१७ टक्के, ५०० पैकी ०.२० आणि ३०० पैकी ०.३३.

९२.५ ची ओळ मुद्दाम घातली आहे, कारण काही तक्त्यांत अडीच-अडीच टक्क्यांचे टप्पे असतात. ९२.५ टक्के म्हणजे ३०० पैकी २७७.५ गुण. मार्कशीटवर विषयाचे गुण पूर्णांकात असतात, त्यामुळे २७७.५ कुणालाच मिळू शकत नाहीत. २७७ ला ९२.३३ होतात, २७८ ला ९२.६७. आपला मुलगा पीसीएममध्ये हा टप्पा अर्ध्या गुणाने ओलांडतो. एकच गुण कमी असता तर तो अर्ध्या गुणाने खाली राहिला असता. तुमच्या टप्प्याचे गुण असे अर्ध्यावर येत असतील तर संस्थेचा माणूस घाईत २७७ वर पास करेल किंवा २७८ लाही अडवेल, दोन्ही घडतं. गणित लिहून त्याच्यापुढे ठेवा.

## ५. राउंडिंगचा नियम लेखी घ्या

८९.८३ पूर्णांकात आणले तर ९० होतात. त्यामुळे "आम्ही राउंड ऑफ करतो" हे वाक्य ऐकून पालक निश्चिंत होतात. पण कुठपर्यंत राउंड, हे विचारलेलं नसतं. दोन दशांशांपर्यंत म्हणत असतील तर ८९.८३ हे ८९.८३ च राहतात, तुम्हाला काहीच फायदा नाही. पूर्णांकापर्यंत म्हणत असतील तर ६०० पैकी ५३७ लाही (८९.५०) वरचा टप्पा मिळायला हवा, आणि ५३६ ला (८९.३३) मिळणार नाही.

काउंटरवर हा घोळ कसा होतो ते एकदा जवळून बघा. लेखा विभागात सवलत एक्सेलच्या फाइलमध्ये काढलेली असते. टक्केवारीच्या रकान्यात दशांश न दाखवण्याचं फॉरमॅट असेल तर पडद्यावर ९० दिसतात, पण आतला खरा आकडा ८९.८३३३३ असाच राहतो. पुढच्या रकान्यातलं सूत्र तो खरा आकडा घेतं:

```
=539/600*100
=IF(A1>=90,30,20)
=IF(ROUND(A1,0)>=90,30,20)
```

पहिलं सूत्र A1 मध्ये आहे असं धरा. दुसऱ्याचं उत्तर २० येतं, तिसऱ्याचं ३०. क्लार्कला समोर "९०" आणि शेजारी "२०" दिसतं, तुम्हालाही तेच दिसतं, आणि दोघांनाही कळत नाही की गडबड कुठे आहे. पडद्यावर ९० दिसूनही सवलत खालची आली तर त्या रकान्यात दोन दशांश दाखवायला सांगा. मग बोलणं नियमावर येतं: संस्था राउंड करते की नाही? नियमात पूर्णांकापर्यंत राउंड लिहिलं असेल तर सूत्र दुरुस्त होईल. नसेल तर २० च बरोबर, आणि तिथे भांडून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर राउंड न करणाऱ्या संस्था जास्त सरळ. जिथे नियम कडक आणि लिहिलेला असतो तिथे मुलाला आधीच कळतं की आपल्याला एक गुण हवा आहे, आणि तो मिळवायची वेळ हातात असते. जिथे "बघू, करून देऊ" असतं तिथे ती वेळ निघून जाते.

## ६. एक गुण कमी असेल तर मंडळाकडे जा

आता खरं काम. मार्कशीटवर पूर्णांक असले तरी उत्तरपत्रिकेच्या आत अर्धे गुण भरपूर असतात. भौतिकशास्त्राचा बारावीचा लेखी पेपर ७० गुणांचा, त्यात तीन गुणांचे आठ आणि चार गुणांचे तीन प्रश्न सोडवायचे असतात. एखाद्या सिद्धतेत पायऱ्या बरोबर आणि आकृती अपुरी असेल तर २½ दिले जातात. पानापानावरच्या या गुणांची बेरीज मुखपृष्ठावर येते, आणि एकूण बेरजेत अर्धा उरला तर तो वरच्या पूर्णांकाला नेण्याची पद्धत आहे. म्हणून आत कुठे एक अर्धा गुण बेरजेत यायचा राहिला तर मार्कशीटवर पूर्ण एक गुण कमी होऊ शकतो.

आपल्या उदाहरणात भौतिकशास्त्राचे ९१ म्हणजे लेखी ६१ आणि प्रात्यक्षिक ३०. छायाप्रतीत आतल्या गुणांची बेरीज ६१½ निघाली आणि मुखपृष्ठावर ६१ असेल, तर लेखीचे ६२, विषयाचे ९२, एकूण ५४०, आणि टक्केवारी बरोबर ९०.००. त्या अर्ध्या गुणाने स्लॅब बदलला.

मंडळाकडे तीन वेगळ्या गोष्टी मागता येतात आणि त्यांची नेहमी सरमिसळ होते.

गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच बघतात. दिलेले गुण योग्य की अयोग्य ते बघत नाहीत. गेल्या काही वर्षांत याचं शुल्क विषयाला ५० रुपये राहिलं आहे.

छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत, शुल्क विषयाला ४०० रुपये.

पुनर्मूल्यांकनात उत्तरं पुन्हा तपासली जातात, शुल्क विषयाला ३०० रुपये. पण त्यासाठी त्या विषयाची छायाप्रत आधी घेतलेली असणं बंधनकारक आहे, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करायचा. मुदत निकालानंतर साधारण दोन आठवड्यांची असते. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि गुणपडताळणी व छायाप्रतीसाठी ६ ते २० मे असा काळ दिला होता. यंदाची तारीख आणि शुल्क निकालाच्या प्रकटनात बघा. मूळ गुणपत्रिका महाविद्यालयात येईपर्यंत थांबलात तर ही मुदत हातची जाईल, ऑनलाइन निकालाच्या प्रिंटवर काम सुरू करा.

कोणत्या विषयाची छायाप्रत मागायची? सहाही विषयांची मागायची गरज नाही. जिथे पायऱ्यांना गुण मिळतात असे विषय, म्हणजे गणित, भौतिक आणि रसायन, आधी घ्या. त्यातही अपेक्षेपेक्षा गुण कमी आलेला विषय पहिला. भाषेच्या पेपरात निबंधाचे गुण वाढवून मागणं कठीण असतं, पण बेरजेची चूक तिथेही निघू शकते, त्यासाठी ५० रुपयांची पडताळणी पुरते. प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण यातून बदलत नाहीत.

छायाप्रत हातात आली की पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक प्रश्नाचे गुण एका कागदावर उतरवा, अर्धे गुण वेगळ्या रकान्यात. मग मुखपृष्ठावरच्या प्रश्नवार तक्त्याशी ताडून बघा. चुका तीन ठिकाणी सापडतात: आतल्या पानावरचा ½ मुखपृष्ठावर पोचलेलाच नाही, उपप्रश्नांची बेरीज चुकली आहे, किंवा पुरवणीतल्या उत्तराला टिक आहे पण गुण नाहीत. बेरीज बरोबर असेल तर विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रत दाखवा आणि सरळ विचारा, "सर, या तीन गुणांच्या उत्तराला दीड योग्य आहे का?" ते हो म्हणाले तर पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये घालवू नका. पुन्हा तपासताना गुण कमीही होऊ शकतात. ८५.०० वर बरोबर उभ्या असलेल्या मुलाने ९० ची आशा नसताना उगाच अर्ज करू नये.

खर्च आणि फायदा ताडून बघा. एका विषयाची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मिळून ७०० रुपये. शिक्षण शुल्क २ लाख असेल तर २० टक्के सवलत ४० हजारांची, ३० टक्के ६० हजारांची. वर्षाला २० हजारांचा फरक, आणि सवलत चारही वर्षं टिकली तर ८० हजारांचा.

श्रेणीसुधार परीक्षेचाही मार्ग आहे, पण अनेक संस्था सवलतीसाठी "पहिल्याच प्रयत्नातले गुण" अशी अट घालतात. ती वाचल्याशिवाय त्या वाटेने जाऊ नका.

## ७. संस्थेला फी भरण्याआधी लिहा

मंडळाचा सुधारित निकाल यायला वेळ लागतो, प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही. म्हणून छायाप्रतीचा अर्ज केल्याच्या दिवशीच संस्थेच्या प्रवेश कक्षाला ईमेल करा. फोन नाही, ईमेल. मजकूर असा पुरतो:

"महोदय, मी आपल्या विद्यापीठात बी.टेक. प्रवेशासाठी अर्ज केला आहे (अर्ज क्र. …). बारावीत मला ६०० पैकी ५३९ गुण आहेत. भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी मंडळाकडे अर्ज केला असून पावती सोबत जोडली आहे. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. (१) सवलतीसाठी टक्केवारी सहा विषयांची धरली जाते की पीसीएमची? (२) टक्केवारी पूर्णांकात राउंड केली जाते का? (३) बरोबर ९०.०० टक्के कोणत्या टप्प्यात येतात? (४) गुण वाढले तर प्रवेशानंतर सुधारित गुणपत्रिकेवरून सवलत बदलून मिळेल का, आणि त्यासाठी शेवटची तारीख कोणती?"

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काही संस्था पहिला हप्ता भरताना असलेली गुणपत्रिकाच अंतिम मानतात. काही संस्था फरक दुसऱ्या हप्त्यात वळता करून देतात. उत्तर "वळता करतो" असं आलं तर त्या ईमेलची प्रिंट प्रवेशाच्या फाइलमध्ये लावा, आणि शक्य असेल तर पूर्ण वर्षाची फी एकदम न भरता हप्त्याने भरा. वर्षाची फी भरून झाली की फरकाचे पैसे परत मागणं फार लांबतं.

उत्तरच आलं नाही तर ईमेलची प्रिंट घेऊन काउंटरवर जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का असलेला कागद पुढे लेखा विभागात उपयोगी पडतो, तोंडी आश्वासन देणारा काउन्सेलर तोवर बऱ्याचदा त्या नोकरीत नसतो.

## ८. सवलत कशावर आणि कितीदा

पावती हातात घेताना दोन ओळी वाचा. सवलत बहुधा फक्त शिक्षण शुल्कावर असते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह, खानावळ यांवर नसते. शिक्षण शुल्क २ लाख आणि बाकीचं मिळून ९० हजार असेल तर ३० टक्के सवलतीचे ६० हजार वजा होऊन २ लाख ३० हजार भरावे लागतात. एकूण २ लाख ९० हजारांवर ३० टक्के धरून कुणी २ लाख ३ हजार सांगत असेल तर पावती बघून खात्री करा.

दुसरी ओळ पुढच्या वर्षांची. "दरवर्षी किमान ७.५ सीजीपीए आवश्यक" अशी अट असेल तर बारावीचा उंबरठा ओलांडल्यावर नवा उंबरठा दरवर्षी समोर येतो. ७.४९ चं काय करतात, एका सत्राचा एसजीपीए धरतात की तोवरच्या सगळ्या सत्रांचा सीजीपीए, एका विषयात बॅकलॉग राहिला तर काय, आणि एकदा गेलेली सवलत पुढच्या वर्षी गुण सुधारले तर परत मिळते का? हे चारही प्रश्न प्रवेशाच्या दिवशी विचारायचे आहेत.

## सोबत ठेवायची कागदपत्रं

- ऑनलाइन निकालाची प्रिंट, आणि आल्यावर मूळ गुणपत्रिका व तिच्या तीन-चार सत्यप्रती
- सवलतीच्या नियमांची पीडीएफ, उतरवल्याच्या तारखेसह
- तुमच्या टप्प्याचं गुणांतलं गणित, एका स्वच्छ कागदावर
- छायाप्रत, गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची व शुल्काची पावती
- संस्थेशी झालेल्या ईमेलची प्रिंट, किंवा शिक्का मारलेली प्रत
- पहिल्या हप्त्याची पावती, जिच्यावर सवलतीची रक्कम वेगळी दाखवलेली आहे. सगळं एकत्र करून एकच आकडा लिहिलेली पावती देत असतील तर फीचा तपशील असलेलं पत्र मागा
- गुण बदलले तर मंडळाकडून मिळालेली सुधारित गुणपत्रिका. ती मिळवताना जुनी मूळ प्रत मंडळाकडे द्यावी लागते, म्हणून आधी जुनीची रंगीत स्कॅन काढून ठेवा, आणि जुनी प्रत संस्थेकडे जमा असेल तर ती परत मिळवायला लागणारे दिवस मुदतीत धरा